वावर पोराच्या नावावर केलं म्हणजे सुटलं?

"वसुलीची नोटीस आली की घाबरू नका. वावर पोराच्या नावावर बक्षीसपत्र करून द्या. रजिस्ट्री झाली, फेरफार झाला, की देणेकरी काहीच करू शकत नाही. धुऱ्याला लागून बहिणीचं वावर असेल तर तेही त्याच कागदात घाला आणि तिला एखादा प्लॉट द्या. प्लॉट घेतला की तिचं तोंड बंद." असा सल्ला देणारे भेटतात.

यवतमाळ जिल्ह्यातला एक कास्तकार घेऊ. कृषी केंद्राची बियाणं-खताची उधारी ८ लाख. जानेवारीत वकिलाची नोटीस आली, फेब्रुवारीत त्याने बक्षीसपत्र नोंदवलं. त्यात स्वतः विकत घेतलेलं ५ एकर (किंमत २० लाख) आणि बहिणीच्या मालकीचं २ एकर (८ लाख) पोराला दिलं, आणि स्वतःचा गावातला ३ लाखांचा मोकळा प्लॉट बहिणीला. त्याच्या नावावर दुसरं काही उरलं नाही.

फेरफाराने मालकी ठरत नाही, ती महसुलाची नोंद आहे. रजिस्ट्रीने कागद पक्का होतो, त्यामागचा हेतू धुतला जात नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५३ सांगतं की देणेकऱ्यांना बुडवायच्या किंवा लटकवायच्या इराद्याने केलेलं स्थावराचं हस्तांतरण, ज्याचे पैसे त्यामुळे अडले तो देणेकरी रद्द करून घेऊ शकतो. मोबदला देऊन आणि प्रामाणिकपणे घेणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. या दोन्ही गोष्टी लागतात, आणि बक्षिसात मोबदलाच नसतो. म्हणजे पोरगा कितीही भोळा असला तरी ती ढाल त्याला मिळत नाही.

इरादा आधी देणेकऱ्याला सिद्ध करावा लागतो. कबुली कोणी देत नाही, म्हणून कोर्ट खुणा पाहतं: नोटीस आणि कागद यांतलं अंतर, नातं, फेडायला मागे काय उरलं, आणि ताबा कोणाचा. इथे बापच पऱ्हाटी पेरतो, कापसाची पट्टी बापाच्याच नावाने फाटते. एवढं पुरेसं बोलकं आहे.

उलट याच बापाने शेत खऱ्या भावात विकून सगळा पैसा सोसायटीला भरला असता, तर कृषी केंद्रवाला रडला तरी निव्वळ तेवढ्यावरून कलम ५३ लागलं नसतं. एका देणेकऱ्याला आधी देणं ही लबाडी नाही.

देणेकरी दोन वाटांनी येतो. दावा लावला तर तो सगळ्या देणेकऱ्यांच्या वतीने लावावा लागतो. एकट्यापुरता लावला तर तिथेच अडतो. दुसरी वाट जास्त वापरातली आहे. आधी पैशाचा हुकूमनामा घ्यायचा, मग ५ एकरांवर जप्ती आणायची. पोरगा "वावर माझं" म्हणून हरकत घेईल, तेव्हा उत्तरात कलम ५३ मांडायचं. बचाव म्हणून मांडताना सगळ्यांच्या वतीने यायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलं आहे. देणेकरी जिंकला तरी कागद बाप-लेकांमध्ये रद्द होत नाही. देणं फिटून उरलेलं पोराचं राहतं. बापाला मात्र वावर परत मागता येत नाही, आणि ही बाजू सल्ला देणारे सांगत नाहीत.

आता बहीण. तिचे २ एकर बापाचे कधीच नव्हते, म्हणून कृषी केंद्रवाल्याचा हात तिथे पोचत नाही आणि बापाची सहीही तिला बांधत नाही. पण त्याच कागदात तिला प्लॉट मिळाला आहे. त्याच अधिनियमाचं कलम ३५ म्हणतं, निवड कर: कागद मान्य करून प्लॉट घे आणि वावर सोड, किंवा वावर ठेव आणि प्लॉट सोड. दोन्ही मिळत नाहीत.

तोंड मात्र आपोआप बंद होत नाही. प्लॉट घेणं म्हणजे मान्यता, पण आपल्याला निवड करायची आहे आणि आपलं वावर या कागदात लिहिलंय हे तिला माहीत असेल, किंवा तिने चौकशीच सोडून दिली असेल, तरच. "तुला प्लॉट दिला" एवढंच सांगून दुसरं पान दाखवलं नसेल तर ती नंतरही नकार देऊ शकते. दोन वर्षं नकाराचं काही न करता प्लॉट उपभोगला तर मात्र मान्यता गृहीत धरतात, आणि तिला माहीत नव्हतं हे तिलाच दाखवावं लागतं. एक वर्ष ती गप्प राहिली तर बाप तिला निवड करायला सांगू शकतो. त्यावरही वाजवी मुदतीत उत्तर दिलं नाही तर होकार धरला जातो. म्हणून सातबारा पाहून नकार लेखी, पोस्टाने पाठवावा.

तिने वावर ठेवलं तर प्लॉट बापाकडे परत जातो. व्यवहार फुकटचा आणि बाप जिवंत, म्हणून पोराला २ एकरांची भरपाई नाही. निवडीआधीच बाप वारला असता तर त्या प्लॉटच्या किमतीतून, म्हणजे ३ लाखांपर्यंत, पोराची भरपाई करावी लागली असती. पण बाप जिवंत आहे, प्लॉट पुन्हा त्याच्या नावाचा आहे, आणि कृषी केंद्रवाल्याला त्या प्लॉटच्या जप्तीसाठी ५ एकरांचा वादही घालावा लागत नाही; पहिले ३ लाख तिथेच सापडतात.