दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने 5/3/1 बीबीबी करावा का?

5/3/1 हा वजनं उचलून ताकद वाढवायचा कार्यक्रम. "5/3/1 चालू करू का?" असं जेव्हा कुणी विचारतं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा या कार्यक्रमाचा एकच अवतार असतो, बोरिंग बट बिग, म्हणजे बीबीबी. नेटवर सगळीकडे त्याच्याच तयार शीट्स फिरतात. विचारणारा साधारण एकाच साच्यातला असतो. दोन-तीन वर्षं नियमित वजनं उचललेली, दर वेळी बारवर अडीच किलो वाढवायचे दिवस संपलेले, आणि नोकरी अशी की सकाळी बसला की संध्याकाळीच उठतो. अशा माणसासाठी माझं मत स्पष्ट आहे. 5/3/1 चा सांगाडा त्याला छान बसतो. बीबीबीचे पायांचे आणि कंबरेचे 5x10, म्हणजे दहा-दहा रेप्सचे पाच सेट मात्र जसेच्या तसे बसत नाहीत. त्यात ताकद कमी पडत नाही, दम कमी पडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जिम वेंडलरने 2009 मध्ये हा प्रकार मांडला. आठवड्यात चार दिवस, प्रत्येक दिवशी एक मुख्य लिफ्ट: ओव्हरहेड प्रेस, डेडलिफ्ट, बेंच, स्क्वॉट. टक्केवारी खऱ्या मॅक्सवर, म्हणजे एकदाच उचलता येईल अशा वजनावर काढायची नाही, त्याच्या 90 टक्के धरलेल्या 'ट्रेनिंग मॅक्स'वर काढायची. पहिल्या आठवड्यात 65, 75, 85 टक्क्यांवर पाच-पाच रेप्स, दुसऱ्यात 70, 80, 90 वर तीन-तीन, तिसऱ्यात 75, 85, 95 वर पाच, तीन, एक. दर वेळी शेवटच्या सेटमध्ये नीट निघतील तेवढे रेप्स काढायचे. चौथा आठवडा हलका, की एक चक्र पूर्ण. मग ट्रेनिंग मॅक्स वरच्या अंगाच्या लिफ्टला अडीच किलोने आणि खालच्या अंगाच्या लिफ्टला पाच किलोने वाढवायचा. बीबीबीमध्ये या तीन सेटनंतर तीच लिफ्ट 50 टक्क्यांवर पाच सेट, दहा-दहा रेप्स.

महिन्यातून एकदा वाढ ही गोष्ट या साच्यातल्या माणसाला हवीच असते. त्याची प्रगती आठवड्याच्या मापाने दिसत नाही. दर आठवड्याला वजन वाढवायला लावणाऱ्या कार्यक्रमात तो दीड-दोन महिन्यांत भिंतीला धडकतो. शिवाय इथे शेवटचा सेट मोकळा असतो, त्यामुळे कामाचा ताण असलेल्या आठवड्यात कमी रेप्स निघाले तरी ठरलेलं काम झालेलं असतं. ज्याची झोप ऑफिसच्या तारखांवर हलते त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

आता अडचण कुठे येते ते एका मित्राच्या आकड्यांवरून सांगतो. वय 38, संगणकासमोरचं काम. त्याने शीटमध्ये स्क्वॉटचा मॅक्स 120 टाकला, कारण काही महिन्यांपूर्वी 120 चा एक रेप खरंच उचलला होता. ट्रेनिंग मॅक्स आला 108, शीटने तो 107.5 केला. पहिल्या आठवड्याचे सेट 70, 80 आणि 90. नव्वदवर त्याचे सहा रेप्स निघाले, सातवा निघाला नसता.

इथे थांबून हिशोब करायला हवा, आणि नेमकं इथेच कुणी थांबत नाही. वजन गुणिले रेप्स भागिले 30, त्यात वजन मिळवायचं, की अंदाजे मॅक्स मिळतो. 90 गुणिले 6 भागिले 30 म्हणजे 18. त्यात 90 मिळवले की 108. म्हणजे त्याचा ट्रेनिंग मॅक्स आणि त्या दिवसाचा खरा मॅक्स जवळजवळ एकच होता. मधली जी दहा टक्क्यांची जागा या कार्यक्रमाचा प्राण आहे, ती पहिल्याच आठवड्यात शिल्लक नव्हती. 120 खरा असता तर नव्वदवर दहाच्या आसपास रेप्स निघायला हवे होते.

तरी त्याने बीबीबीचे सेट केले. 55 किलो, पाच वेळा दहा. वजन ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकूण उचललेलं वजन मोजा. मुख्य तीन सेटमध्ये 1,290 किलो, नंतरच्या पाचांत 2,750. जे 'पूरक' म्हणून लिहिलंय ते मुख्य कामाच्या दुपटीहून जास्त आहे. डेडलिफ्टच्या दिवशी पुन्हा तेच: मॅक्स 150 धरून ट्रेनिंग मॅक्स 135, म्हणून 67.5 किलोवर पन्नास रेप्स, म्हणजे 3,375 किलो.

तिसऱ्या सेटनंतर मी त्याला विचारलं, "काय संपलं? मांड्या की श्वास?" तो म्हणाला, "श्वास. मांड्या ठीक आहेत." माझ्या मते या कार्यक्रमाची सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच आहे. दिवसातले नऊ-दहा तास बसून जातात, चालणं पार्किंगपासून लिफ्टपर्यंतचं, म्हणून हृदय-फुप्फुसांना दिवसभर काहीच काम नसतं. मग दहा रेप्सच्या सेटमध्ये पायांआधी दम संपतो. दम संपला की पोटातली हवा धरून कंबर घट्ट ठेवणं सुटतं, आठव्या रेपला छाती पुढे पडते आणि उरलेला भार कमरेवर येतो. पायांना अपेक्षित ताण मिळतच नाही, आणि कंबरेला नको तेवढा मिळतो. डेडलिफ्टमध्ये हेच आणखी लवकर घडतं, कारण तिथे वाकलेल्या कमरेला लपायला जागा नसते. नंतरच्या आठवड्यांत मुख्य सेटचे रेप्स घसरू लागतात आणि माणूस म्हणतो, "5/3/1 मला लागू पडत नाही."

बसण्याचा कमरेवर परिणाम होतो का, यावर नेटवर फार भडक बोललं जातं. "बसून बसून ग्लूट्स झोपी जातात" हे वाक्य मला पटत नाही. ज्याचा डेडलिफ्ट 150 आहे त्याचे ग्लूट्स झोपलेले नसतात. पण एक गोष्ट मी गांभीर्याने घेतो. स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1992 मध्ये लोकांना वीस मिनिटं पूर्ण वाकून बसवलं आणि नंतर कणा किती सैल झालाय ते मोजलं. आलेला सैलपणा पहिल्या दोन मिनिटांत साधारण अर्धा भरून आला, पण अर्ध्या तासानंतरही थोडा उरलेला होता. खुर्चीत बसणं म्हणजे पूर्ण वाकणं नव्हे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा ऑफिसला लावू नये. तरीही खुर्चीतून उठून, गाडीत बसून, गाडीतून उतरून थेट बारखाली जाण्यात शहाणपण नाही, एवढं त्यातून मी नक्की घेतो. दहा-पंधरा मिनिटं उभं राहून चालायचं, मग रिकाम्या बारचे दोन सेट, मग चाळीसवर पाच, पन्नासवर तीन. अर्धा तास स्ट्रेचिंगची गरज नाही. ती करत बसलं की वेळ संपतो आणि शेवटी रोईंग कापलं जातं.

रोईंगवरून आठवलं. मूळ बीबीबीमध्ये बेंचच्या दिवशी रो 5x10 आणि प्रेसच्या दिवशी चिनअप्स 5x10 लिहिलेले आहेत. पण बऱ्याच शीट्समध्ये ही जागा 'असिस्टन्स' म्हणून रिकामी सोडलेली असते, आणि रिकामी जागा लोक रिकामीच ठेवतात. मग आठवडाभर फक्त ढकलणं होतं, ओढणं होत नाही. शीट उतरवून घेतलीत तर आधी तो रकाना भरा. चिनअप्स दहा निघत नसतील तर पाच-पाचचे जास्त सेट करा, एकूण पन्नास झाले की पुरे.

मित्राचा आराखडा आम्ही असा बदलला. स्क्वॉटचा मॅक्स 108 मानला आणि 85 टक्के धरून ट्रेनिंग मॅक्स 92.5 केला. पहिल्या आठवड्याचे सेट झाले 60, 70 आणि 77.5. स्क्वॉटला 5x10 च्या जागी 'फर्स्ट सेट लास्ट', म्हणजे पहिल्या सेटचं वजन परत घेऊन पाच सेट, पाच-पाच रेप्स: 60 वर पंचवीस रेप्स, 1,500 किलो. डेडलिफ्टलाही हाच प्रकार, पण तीनच सेट. पाच रेप्समध्ये श्वास सुटायच्या आत सेट संपतो, प्रत्येक रेप नीट होतो आणि वजनही 5x10 पेक्षा थोडं जड असतं. बेंच आणि प्रेसचे 5x10 तसेच ठेवले, कारण त्यात दमाचा प्रश्न जवळजवळ येत नाही आणि खांदे-छातीला तेवढ्या कामाचा फायदा दिसतो.

"पंधरा किलो कमी करायचे?" हा त्याचा पहिला आक्षेप होता, आणि तो स्वाभाविक आहे. पण मोजून बघा. दर चक्राला पाच किलो वाढले की 92.5, 97.5, 102.5 आणि चौथ्या चक्रात पुन्हा 107.5. जिथून सुरुवात केली होती त्याच आकड्यावर तो बारा आठवड्यांनी पोचतो, फक्त या वेळी तिथे रेप्स हातात असतात. तिसऱ्या आठवड्याच्या 95 टक्क्यांच्या सेटला निदान चार-पाच रेप्स निघत असतील तर आकडा बरोबर आहे. एकावर अडकलात तर तो फुगलेला आहे, पुढच्या चक्रात वाढवू नका.

दमाचं काम वेगळं करावं लागतं आणि ते कंटाळवाणं आहे. सुट्टीच्या तीन दिवशी अर्धा-अर्धा तास भरभर चालणं, बोलता येईल इतक्याच वेगाने. धावायची घाई नको, ती पायांच्या दिवसातून वसूल होते. महिना-दीड महिन्यात फरक दिसतो: दोन मिनिटांच्या विश्रांतीत श्वास जागेवर येतो आणि पुढचा सेट पायांवर जातो. तेव्हा स्क्वॉटला 3x10, ते जमलं की 5x10 आणावं, दोन चक्रांपुरतं. वेंडलरने स्वतः 2017 मध्ये केलेल्या मांडणीत असं जास्त कामाचं पर्व दोन-तीन चक्रं ठेवून मग कमी कामाचं पर्व घ्यायला सांगितलंय. फुकट फिरणाऱ्या शीट्समध्ये मात्र तोच आराखडा अखंड चालू राहतो. डेडलिफ्टचे 5x10 या माणसाला मी तेव्हाही देणार नाही. त्यातून मिळणारा फायदा रोमेनियन डेडलिफ्टच्या तीन सेटमध्येही मिळतो आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना कंबर धरत नाही.

आठवड्यातून दोनच दिवस मिळत असतील तर चार दिवसांची शीट ओढूनताणून बसवू नका. एका दिवशी स्क्वॉट आणि बेंच, दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट आणि प्रेस, तेच मुख्य सेट, पूरक काम अर्धं. आणि ज्याला अजून दर आठवड्याला वजन वाढवता येतंय, त्याने नोकरी कोणतीही असो, 5/3/1 इतक्यात घेऊच नये.