टाकी धुणार आहे, घरी थांबा

वर्षातून एकदा भाडेकरूंना सूचना द्यावीच लागते. शनिवारी रात्री साडेदहाला द्या. ‘उद्या पाण्याची टाकी साफ होणार आहे, फायरवालेही येतील, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ घरी थांबावे.’ नेमकी वेळ कळवण्याच्या फंदात पडू नका. करार अकरा महिन्यांचा आणि सफाई बारा महिन्यांनी, त्यामुळे मागच्या वेळी काय झालं हे आठवणारा भाडेकरू तुम्हाला सहसा भेटणार नाही. ही आपल्या व्यवस्थेची मोठी सोय आहे.

आता टाकी. जाणकार सांगतील की आधी पंप बंद करा, खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पाणी तळाशी वीतभर उरेल इतकं उतरवा, त्यात भिंती ब्रशनं घासा आणि गाळासकट सगळं पाणी उपसून बाहेर काढा. तुम्ही व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. मग घासलेला गाळ आपोआप सगळ्यांच्या नळांत जातो आणि उपसायची मजुरी वाचते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वॉशिंग मशीनच्या पाइपाची जाळी तुंबल्याचं सांगतील, तेव्हा कॉर्पोरेशनचं पाणीच गढूळ येतंय म्हणा. ते अधूनमधून येतंही, त्यामुळे खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

जमिनीखालच्या टाकीत एखादा बारीक मुलगा उतरवा. झाकण आधीपासून उघडून हवा खेळू देणं, वर लक्ष ठेवायला एक माणूस उभा करणं, हे चोचले आहेत. गाळ असलेल्या बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि पेट्रोलवर चालणारा पंप आत उतरवला तर त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं माणूस ओरडायच्या आत कोसळतो. पण ही माहिती तुम्हाला होती हे कोणाला कळायला हवं असं थोडंच आहे?

ब्लीचिंग पावडर मुठीनं टाका. हजार लिटरच्या टाकीला ताजी पावडर साधारण १५० ग्रॅम टाकली की लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरिन होतो. ते पाणी काही तास टाकीत ठेवायचं आणि मग गटारात सोडून टाकी पुन्हा भरायची, असा हिशेब आहे. पण वजनकाटा कोण आणणार, आणि भरलेली टाकी ओतून देताना जीव तुटतो. तेव्हा तेच पाणी प्यायला सोडा. वासावरून भाडेकरूंची खात्री पटेल की सफाई मनापासून झाली. पावडर गेल्या वर्षीची, पोतं उघडं राहिलेलं असेल तर वासही येणार नाही, कारण तोवर तिच्यातला क्लोरिन बराचसा उडून गेलेला असतो. हा तर दुहेरी फायदा: तक्रारही नाही आणि जंतूंनाही त्रास नाही.

आग विझवायच्या सिलेंडरकडे फार वेळ घालवू नका. जिन्यातल्या लाल सिलेंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना? झालं. तो काटा फक्त आतल्या दाबाबद्दल बोलतो, आतली पावडर दमट हवेनं घट्ट बसली असेल तर त्याबद्दल तो गप्प असतो. सिलेंडर उलटा करून पावडर हलते का हे जाणवून बघणारा एखादा चौकस भाडेकरू निघाला तर त्याला ‘हात लावू नका, प्रेशर आहे’ असं दरडावा. मीटरच्या खोलीजवळचा कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर तर अजूनच गुणी. त्याला काटाच नसतो, तो वजन करून तपासावा लागतो. आणि वजनकाटा आपण मघाशीच आणला नाही. नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं असेल तर मोडू नका. तीही भाडेकरूच, शिवाय डिपॉझिट न मागणारी.

घरातली तपासणी थोडक्यात उरका. न्हाणीघराच्या माळ्यावरची जुनी टाकी उघडायची नाही, कारण उघडली की धुवावी लागते. वीज बोर्डावरच्या आरसीसीबीचं, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं, ‘टेस्ट’ बटण दाबायचं नाही. दाबल्यावर वीज गेली तर वस्तू ठीक आहे आणि नाही गेली तर ती बदलायचा खर्च तुमचा, म्हणजे दाबण्यात तुमचा फायदा शून्य.

राहिला कागद. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत, असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. एजन्सीचा माणूस सोमवारी सकाळी अकराला बोलवा. रविवारी भाडेकरू दिवसभर वाट पाहत बसलेले असतात, सोमवारी ते ऑफिसात असतात. मग रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहा: ‘पूर्वसूचना देऊनही भाडेकरू घरी हजर नसल्याने आतील तपासणी होऊ शकली नाही.’ खाली तारीख घाला आणि शनिवारच्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.