ओपनिंग बॅलन्स आणि दाढीवाले पाटील

कॉलेजात ओपनिंग एंट्री फार सोपी असते. सगळी मालमत्ता नावे, सगळी देणी आणि भांडवल जमा, खाली ब्रॅकेटमध्ये एक ओळ लिहायची, पाच मार्क खिशात. पण त्या गणितात कुणाचंही नाव 'पाटील (दाढी)' असं नसतं.

आमचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे, आणि सासऱ्यांनी म्हणजे अण्णांनी सुरू केल्यापासून हिशोब लाल कापडी वह्यांतच. यंदा १ एप्रिलपासून टॅलीवर जायचं ठरलं, म्हणजे सीए साहेबांनी ठरवलं, अण्णांनी मान हलवली आणि काम माझ्याकडे आलं, कारण मी बी.कॉम. आहे आणि या घरात ते कुणी विसरत नाही. टायपिंगला सीएंच्या ऑफिसातला एक पोरगा मिळाला, आणि वह्या समजावून सांगायला आमचे दिवाणजी, जे कॉम्प्युटरकडे सोयरीक मोडलेल्या घरच्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

पहिली गंमत म्हणजे टॅलीत ती पाच मार्कांची एंट्री एका जागी कुठे दिसतच नाही. प्रत्येक खातं उघडताना खाली ओपनिंग बॅलन्सचा रकाना येतो, तिथे आकडा टाकायचा, नावे की जमा ते बघायचं आणि पुढे जायचं. म्हणजे ती एक एंट्री तुकडे तुकडे होऊन शेदीडशे खात्यांत वाटली जाते, आणि ती जुळली की नाही हे कळतं ते थेट बॅलन्स शीटमध्ये, जिथे जुळली नसेल तर एक ओळ येऊन बसते: `Difference in opening balances`.

खर्चाची नि विक्रीची खाती आणायची नव्हती एवढं एक सुख. वर्ष ३१ मार्चला संपलं, ती खाती नफ्यातोट्यात जाऊन शून्य झाली. पुढे येतात ती फक्त असलेल्या वस्तूंची आणि माणसांची. वस्तू बोलत नाहीत हो, त्रास माणसांचा.

उधारीच्या वहीत पाटील चार. पाटील (दाढी), पाटील (विहीरवाले), पाटील तळमजला आणि नुसते पाटील. टॅली एकाच नावाची दोन खाती घेत नाही, म्हणून पोरगा विचारतो, "मॅडम, यांचं पूर्ण नाव?" दिवाणजी म्हणतात, "दाढी म्हटलं की गावात कुणीपण सांगेल." "पण काका, बिलावर दाढी कसं छापायचं?" यावर दिवाणजींनी तंबाखूची डबी उघडली. शेवटी दाढी ठेवली, नावं मिळतील तशी बदलू म्हटलं, खात्याचं नाव नंतर बदललं तरी आकडे हलत नाहीत.

मग सगळं भरून झालं आणि बॅलन्स शीट उघडली. नावे बाजू १६,४८,००० आणि जमा बाजू १६,००,०००. फरक ४८,०००.

पोरगा तयारच होता. "मॅडम, कॅपिटलमध्ये टाकून देऊ? सगळे तसंच करतात." मी म्हटलं, बाळा, कॅपिटल ७,९०,००० हा आकडा सीएंच्या ताळेबंदातून आलाय, तो आपला नाही बदलायचा. आणि टाकलं तर काय होणार, फरकाची ओळ जाईल, चूक आहे तिथेच राहील, वर अण्णा कागदावर ४८ हजारांनी श्रीमंत होतील, आणि अण्णांना असलं काही दाखवलं की ते लगेच नवीन शटर करायला घेतात.

आधी बँक बघितली, कारण तिथे घोटाळा होतोच. पोरग्याने पासबुक बघून १,५४,६०० टाकले होते, का तर पासबुक म्हणजे पुरावा. वहीत मात्र १,४२,६००. मधले १२,००० म्हणजे २६ मार्चला सांगलीच्या होलसेलवाल्याला दिलेला चेक, जो त्याने निवांत ४ एप्रिलला वटवला. आता आपण तो चेक दिला तेव्हाच वहीत बँकही कमी केली आणि त्याचं देणंही कमी केलं. देणं कमी झालेलं आणायचं आणि बँक पासबुकातली मोठी आणायची, तर जुळणार कसं? ओपनिंगला वहीची शिल्लकच घ्यायची, आणि तो न वटलेला चेक बँक रिकन्सिलिएशनमध्ये वेगळा दाखवायचा म्हणजे पुढच्या स्टेटमेंटला तो टिक होतो. दिवाणजी एवढंच म्हणाले, "वही खोटी बोलत नाही." पोरगा गप्प.

फरक आला ३६,००० वर आणि मला एकदम हुरूप आला, कारण हा आकडा नऊने भाग जाणारा. आकडे उलटसुलट लिहिले, ४८ चे ८४ झाले, की फरकाला नऊने भाग जातोच. आधीच्या ४८,००० ला जात नव्हता कारण दोन चुका एकात एक मिसळल्या होत्या, म्हणून म्हणते एक चूक काढल्याशिवाय असली ट्रिक लावू नये. आणि खरंच, फर्निचर ८४,०००! मी, पोरगा, दिवाणजी तिघं त्या आकड्यावर तुटून पडलो. मागच्या ताळेबंदात बघितलं, तर ८४,०००च. बरोबर. हुरूप संपला, चहा मागवला.

चहा पिताना दुसरी ट्रिक आठवली. फरकाचं निम्मं करायचं, कारण एखादी रक्कम उलट्या बाजूला गेली की फरक दुप्पट येतो. निम्मे १८,०००. उधारीच्या यादीत १८,००० कोण? पाटील (दाढी).

मी विचारलं, "दिवाणजी, दाढीवाल्यांकडून अठरा हजार येणं आहे ना?" दिवाणजी म्हणाले, "येणं? त्यांनी तर ॲडव्हान्स दिलाय, बंगल्याच्या ग्रिलचा. मी लाल शाईने लिहिलंय की!"

आता बघा. दिवाणजी उलटी शिल्लक लाल शाईत लिहितात, वर्षानुवर्षं लिहितात, त्यांच्या मते हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण वही दुकानातून हलवायला अण्णांची परवानगी नाही म्हणून पोरग्याने नेले होते झेरॉक्स. काळेपांढरे. लाल अठरा हजार आणि काळे अठरा हजार झेरॉक्समध्ये सारखेच. वर टॅलीत गिऱ्हाइकाचं खातं उघडलं की ते आपणहून नावेच धरतं, जमा पाहिजे तर आपण बदलायचं, आणि पोरगा बदलेल कशाला?

बदललं. फरकाची ओळ गेली. पोरग्याने टाळी मागितली, दिवाणजींनीही दिली, ही कराडच्या हार्डवेअर लाइनीतली मोठी घटना आहे.

नाहीतर कॅपिटलमध्ये टाकून मोकळे झालो असतो तर पुढच्या महिन्यात उधारीची यादी काढून दुकानातल्या माणसाने दाढीवाल्यांना फोन केला असता की अठरा हजार कधी देताय, आणि त्यांनी ग्रिलसकट आमचा उद्धार केला असता.

अण्णा दुपारी आले. मी कौतुकाने सगळं सांगितलं, स्क्रीनवर दाखवलं की पाटील (दाढी) यांचे अठरा हजार आपल्याकडे जमा आहेत, म्हणजे ते आपलं देणं आहे. अण्णांनी चष्मा वर केला, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले,

"सूनबाई, हे त्यांना सांगायची काही गरज नाही. ते विसरलेत."