झोपेच्या व्हिडिओवर आजाराची पाटी कशाला?

“झोपेच्या संगीताचा व्हिडिओ चालवायचा असेल तर शीर्षकात निद्रानाश, बीपी, नैराश्य यांपैकी एक तरी आजार आणि ‘१०० टक्के आराम’ हवाच. सोबत ४३२ हर्ट्झ लिहा, लोक तेच शोधतात. टॅगची ५०० अक्षरं पूर्ण भरा. वाद्यांची नावं कोण वाचतं? आणि खाली ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ ही ओळ टाकली की झालं, कोणी काही करू शकत नाही.”

यूट्यूबवर झोपेच्या संगीताचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना मिळणारा हा सल्ला एकेक करून तपासू. आधी आजाराचं बघू. संगीत आणि निद्रानाश यांवरच्या चाचण्यांचा एक आढावा २०२२ मध्ये आला, वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा. त्यात १३ चाचण्या आणि सुमारे हजार माणसं होती. संगीत ऐकणाऱ्यांनी प्रश्नावलीत आपली झोप सुधारल्याचं सांगितलं, म्हणजे संगीत अगदीच निरुपयोगी नाही. पण निद्रानाशाची तीव्रता कमी होते का, याचं स्पष्ट उत्तर त्या आढाव्याला मिळालं नाही. शिवाय त्या चाचण्यांत लोक रोज साधारण २५ ते ६० मिनिटं ऐकत होते, या व्हिडिओंसारखं आठ तास नव्हे. एवढ्या आधारावर ‘निद्रानाश कायमचा घालवा’ असं लिहिणं म्हणजे चक्क थाप. त्याऐवजी ‘रात्री झोपताना मंद आवाजात लावण्यासाठी’ असं लिहा. त्यात व्हिडिओ कशासाठी केलाय ते कळतं आणि तो ऐकणाऱ्याच्या शरीरात काय करेल याची हमी कुणी देत नाही. शोधणारा माणूसही ‘झोपण्यासाठी बासरी’ असंच टाइप करतो, तेव्हा शोधात सापडायला आजाराची गरज पडत नाही.

४३२ हर्ट्झचा मुद्दा तर आपल्या संगीतात बसतच नाही. जगभर वाद्यं मिळवायला मधल्या सप्तकातला ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला धरतात. तो ४३२ ला आणला की सगळं संगीत साधारण एक तृतीयांश अर्धस्वराने खाली येतं, एवढाच फरक. आणि आपला षड्ज असा कुठे ठरलेला असतो? गायक पेटीची काळी एक धरेल नाही तर काळी चार, बासरीवाला त्याच्या बासरीचा षड्ज धरेल आणि तानपुरा त्याला मिळवला जाईल. आधीच वाजवून झालेलं बागेश्रीचं ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये थोडं उतरवून त्यावर ४३२ चं लेबल चिकटवणारे बरेच आहेत. सूर सांगायचाच असेल तर ‘षड्ज पांढरी तीन’ लिहा. ते खरं असतं, आणि सोबत वाजवून बघणाऱ्याला त्याचा उपयोगही होतो.

टॅगबद्दल थोडक्यात. शोधात टॅगचा वाटा फार कमी असतो आणि शब्द चुकीच्या स्पेलिंगने शोधला जात असेल तरच त्यांचा खरा उपयोग, असं यूट्यूबच्या मदत-पानांवरच लिहिलंय. तेव्हा ‘बासरी’, ‘बांसुरी’, ‘bansuri’, ‘तानपुरा’, ‘तंबोरा’ एवढे पुरे. टॅगची तीच यादी वर्णनात खाली ओतणं मात्र नियमांच्या विरुद्ध आहे. पुष्कळ लोक तेच करतात आणि मग यूट्यूबने व्हिडिओ का हटवला म्हणून बोंब मारतात.

वाद्यांच्या नावांवर मात्र मी अडून बसणार. झोपायला निघालेल्या माणसाला आत काय वाजणार, त्याहीपेक्षा काय वाजणार *नाही*, हे आधी कळायला हवं. तबला आहे का? मधेच कुणी बोलणार का? घंटा वाजणार का? पावसाचा आवाज असेल तर गडगडाट आहे का? हे लिहिलं नसेल तर पहाटे तीनला दचकून उठलेला माणूस ते प्रतिक्रियेत लिहितो, तेही खास आपल्या भाषेत.

एका व्हिडिओचंच उदाहरण घ्या. बासरीवादकाने बागेश्रीचा ४० मिनिटांचा आलाप वाजवलाय, खाली तानपुरा आहे. तो आलाप तीनदा जोडून दोन तास झाले, पुढे सहा तास नुसता तानपुरा. याचं शीर्षक ‘८ तास बासरी’ ठेवलं तर ती फसवणूकच, कारण बासरी दोनच तास आहे. म्हणून: ‘झोपेसाठी बासरी २ तास, पुढे तानपुरा, राग बागेश्री, एकूण ८ तास’. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात हे आरामात बसतं. मोबाइलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, म्हणून उपयोग आणि वाद्य पुढे घेतलंय.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळीच न उलगडता दिसतात. तिथे ‘नमस्कार मित्रांनो, चॅनलला सबस्क्राइब करा’ कशाला? त्या जागी लिहा: ‘रात्री झोपताना मंद आवाजात लावण्यासाठी. बासरी आणि तानपुरा. तबला, गाणं, बोलणं नाही.’ त्याखाली सविस्तर: ४० मिनिटांचं ध्वनिमुद्रण तीनदा जोडलंय; तानपुरा खरा आहे, इलेक्ट्रॉनिक नाही (असेल तर तसं सांगा, त्यात लाजायचं काय?), बागेश्रीत पंचम अल्प म्हणून पहिली तार मध्यमात लावलीय, दहाव्या मिनिटानंतर पडदा काळा होतो. मग वेळेचे टप्पे:

```
0:00 बासरी आणि तानपुरा
2:00:00 फक्त तानपुरा
7:50:00 आवाज हळूहळू कमी
```

पहिला टप्पा 0:00 लाच हवा, किमान तीन टप्पे हवेत, ते चढत्या क्रमाने आणि प्रत्येकी निदान दहा सेकंदांचे. यांतलं एक चुकलं तरी व्हिडिओच्या पट्टीवर हे टप्पे प्रकरणं म्हणून दिसत नाहीत. आकडे इंग्रजी अंकांत टाका. फाइल चढवल्यावर तिची लांबी एकदा बघून घ्या. संकलनात शेवट कापला जाऊन ७:५२ राहिली आणि शीर्षकात ८ तास असेल तर कुणीतरी ते मोजतंच.

‘मधे जाहिरात नाही’ हे शब्द मी शीर्षकात घेत नाही. मधल्या जाहिराती आपण बंद करू शकतो, पण यूट्यूब स्वतःच्या अधिकारात जाहिरात दाखवू शकतं, अगदी कमाई न करणाऱ्या चॅनलवरसुद्धा. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचं वचन देऊ नये.

राहिली डॉक्टरांच्या सल्ल्याची ओळ. शीर्षक सगळ्यांना दिसतं, ती ओळ वर्णनाच्या तळाशी असते. वर खोटं लिहून खाली हात झटकले म्हणून वरचं खरं होत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या शीर्षकाला यूट्यूबची मनाई ओळ टाकूनही तशीच राहते. आपल्याकडे १९५४ चा औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदाही आहे. त्यात ‘जादूचा उपाय’ या व्याख्येत मंत्र स्पष्ट लिहिलाय, ज्या आजारांवर असा दावा करायला बंदी आहे त्यांच्या यादीत रक्तदाब आहे, आणि जाहिरात म्हणजे प्रकाश, आवाज किंवा धूर यांच्या साधनाने केलेली घोषणाही धरलीय. (धूर का, ते १९५४ सालच्यांना माहीत.) नुसती बासरी त्यात बसते का, यावर वकील वाद घालतील. पण मंत्रपठणाच्या व्हिडिओवर ‘बीपी उतरवणारा मंत्र’ लिहिणाऱ्याला त्या व्याख्येपासून लांब आहोत असं म्हणणं अवघड जाईल.