एंट्रीचे मार्क एंट्रीलाच मिळाले पाहिजेत

वाचकाची प्रतिक्रिया:

"तुमचा लेख वाचून तीस ट्रेडना एंट्री, मॅनेजमेंट, एक्झिट असे दहापैकी वेगवेगळे मार्क दिले. सगळीकडे सहा, सात, आठ. काय सुधारायचं ते कळलंच नाही. मार्क देणारा मीच, तेही निकाल कळल्यावर. हा एक ट्रेड बघा: ४१२ ला घेतला, स्टॉप ४००, टार्गेट ४४२. ४२१ झाला तेव्हा स्टॉप कॉस्टला आणला. शेअर ४०९ पर्यंत खाली आला, स्टॉप उडाला आणि आठव्या दिवशी ४४२ झाला. एंट्रीला चार दिले, मॅनेजमेंटला सात, एक्झिटला तीन. हातात शून्य. मग पैसे आले की गेले एवढंच बघितलं तर काय बिघडलं?"

उत्तर:

नमस्कार. निकालानंतरच्या मार्कांबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दहापैकी मार्क द्या असं मी लिहिलं, पण ते कशाशी ताडून द्यायचे हे सांगितलं नाही. मोजपट्टी नसली की हात आपोआप सातवर जातो. ती चूक माझी.

पण तुमच्या ट्रेडचे मार्क बघा, कारण तिन्ही मार्क चुकीच्या खात्यात पडलेत.

तुमची जोखीम शेअरमागे १२ रुपये. तिला १ आर म्हणू. घेतल्यानंतर शेअर तुमच्या विरुद्ध ३ रुपये गेला, म्हणजे पाव आर. बाजूने ३० रुपये गेला, म्हणजे अडीच आर. मूळ स्टॉपच्या तो जवळपासही फिरकला नाही. या एंट्रीला चार मार्क का? कारण हातात शून्य आलं आणि तो राग एंट्रीवर निघाला. एक्झिटला तीन का? कारण तुम्ही बाहेर पडल्यावर शेअर वर गेला. पण तुम्ही एक्झिट केलीच कुठे? स्टॉप ४१२ वर आणला त्या क्षणी तो निर्णय झाला होता, पुढे फक्त ऑर्डर लागली. ज्या निर्णयाला तुम्ही सात मार्क दिले, त्यानेच हा ट्रेड संपवला. एक्झिटचा रकाना इथे रिकामा राहायला हवा. रिकामा रकाना चालतो, तो भरायची सक्ती नाही.

म्हणून आता मी मार्क देत नाही, हिशेब मांडतो. प्रत्येक ट्रेडपुढे आधी लिहायचं: घेतल्यावर स्टॉप आणि टार्गेटला हातच लावला नसता तर किती आर मिळाले असते? तुमच्या बाबतीत अडीच. हे एंट्रीचं खातं. मग मधल्या काळात तुम्ही जे केलं, म्हणजे स्टॉप हलवणं, अर्धा माल विकणं, भर घालणं, त्याने या आकड्यात किती फरक पडला? तुमच्याकडे उणे अडीच. हे मॅनेजमेंटचं खातं. शेवटी उरलेला माल ठरलेल्या जागेऐवजी स्वतः बटण दाबून विकला असेल, तर त्याचा फरक एक्झिटच्या खात्यात. समजा, टार्गेट ४४२ असताना दुपारची लाल कँडल बघून ४३६ ला विकला आणि पुढे ४४२ आला, तर एक्झिट उणे अर्धा आर. तिन्ही खात्यांची बेरीज प्रत्यक्ष निकालाएवढीच यायला हवी. तुमचं २.५ − २.५ + ० = ०. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी चुकलंय हे लगेच कळतं, आणि आपल्या मूडला त्यात जागा उरत नाही.

तसं ते शून्यही खरं शून्य नाही. डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी लागतो. ४१२ वर ते शेअरमागे मिळून ८२ पैसे झाले. बाकीचे चार्जेस सोडले तरी १२ रुपयांच्या जोखमीवर हे सुमारे ०.०७ आर. कॉस्टला सुटलो असं आपण म्हणतो, पण असे दहा ट्रेड झाले की सुमारे ०.७ आर नुसता एसटीटीत जातो.

आता एक सावधगिरी. या एका ट्रेडवरून स्टॉप कॉस्टला आणणं वाईट असा निष्कर्ष काढू नका. ज्या ट्रेडमध्ये शेअर ४२१ ला जाऊन मग थेट ४०० च्या खाली गेला असता, तिथे हीच सवय तुमचा पूर्ण १ आर वाचवते आणि मॅनेजमेंटच्या खात्यात अधिक १ जमा होतो. आपल्याला हुकलेले ४४२ लक्षात राहतात, वाचलेले ४०० राहत नाहीत. म्हणून तीसही ट्रेडची बेरीज करायची, आठवणारे चार-पाच घेऊन नाही. तीसही एकाच प्रकारच्या सेटअपचे हवेत. त्यात इंट्राडे ऑप्शन मिसळले असतील तर ते आधी वेगळे काढा.

"हात लावला नसता तर" हे मोजताना दोन ठिकाणी फसायला होतं. एकाच दिवसाच्या कँडलमध्ये स्टॉप आणि टार्गेट दोन्ही आले, तर आधी काय आलं ते डेली चार्टवर दिसत नाही. पंधरा मिनिटांचा चार्ट उघडायचा, आणि तोही नसेल तर स्टॉप लागला असंच धरायचं. दुसरं, शेअर गॅपने ३९४ ला उघडला तर नुकसान दीड आर. वरचा अर्धा आर ना एंट्रीचा ना मॅनेजमेंटचा, तो चौथ्या रकान्यात टाका आणि बेरजेत तोही धरा. नाहीतर एका वाईट सकाळीमुळे चांगल्या एंट्रीवर बोट ठेवाल. एक्झिट मोजताना मात्र नंतरच्या सर्वांत वरच्या भावाशी तुलना करू नका, तिथे कुणीच विकत नाही. तुलना फक्त तुमच्या लिहिलेल्या नियमाशी.

एंट्रीच्या खात्याचीच बेरीज उणे आली तर मॅनेजमेंटवर मेहनत घेण्यात अर्थ नाही. तेव्हा तोट्यातले ट्रेड एकेक उघडून बघा. शेअर आधी एक-दीड आर वर जाऊन मग पडले असतील, तर एंट्री बरी आहे, टार्गेट लांब आहे. घेतल्यापासून सरळ खालीच गेले असतील, तर एंट्रीच कच्ची. आणि ठरलेला भाव ४१२ असताना ४१८ ला धावत घेण्याची सवय असेल, तर स्टॉप तोच ठेवून जोखीम १२ ची १८ होते. तेव्हा ठरलेला भाव आणि मिळालेला भाव असे दोन्ही त्याच संध्याकाळी लिहून ठेवा, निकाल यायच्या आधी. तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे असलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे.

फक्त पैसे बघितले तर काय बिघडतं, याचं उत्तर तुमच्याच ट्रेडमध्ये आहे. ते शून्य बघून तुम्ही एंट्री बदलायला निघाला होता, आणि तीच त्यात चांगली होती.

आता एवढंच करा. तीसपैकी कॉस्टवर उडालेले सगळे ट्रेड बाजूला काढा आणि प्रत्येकापुढे पुढच्या वीस सत्रांत ४०० सारखा मूळ स्टॉप आधी आला की ४४२ सारखं टार्गेट, ते लिहा. वीस सत्रांत दोन्ही आलं नाही तर विसाव्या दिवसाचा बंद भाव धरा. मग फक्त त्या ट्रेडची बेरीज इथे कळवा. अधिक असो वा उणे, पुढे काय करायचं ते त्या आकड्यावरून बोलू.