आळं मागितलं, यांनी कुलूप काढलं

एक अक्षर हो, एकच अक्षर! त्यापायी माझी दोन महिन्यांची खटपट पंचगंगेत गेली.

रविवारी सकाळी टपरीवर हिंदी पेपर उघडला. बागेतल्या झाडांबद्दलचं माझं पत्र छापून आलेलं. मी लिहिलं होतं, "पेड़ों के थाले खोले जाएँ।" छापलंय काय, तर "पेड़ों के ताले खोले जाएँ।" मग झाडाला कुलूप कुठलं असा प्रश्न त्या टेबलावरच्या माणसाला पडला असणार, पण फोन करून विचारायचं सोडून त्यानं मथळ्यातून झाडच उडवलं: "उद्यान के ताले खोले जाएँ"! खाली माझं नाव, माझी पेठ. अहो, हिंदीत थाला म्हणजे आपलं आळं. बुंध्याभोवती पाणी मुरायला मोकळी ठेवलेली गोल माती. हिंदी पेपरात बसणाऱ्या माणसाला हा शब्द कळू नये?

आणि त्याहून संताप पुढं आहे. मंगळवारी बाग सांभाळणाऱ्या खात्यातून फोन. "काका, तुमच्या पत्राप्रमाणं पाहणी केली. बाग पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी चार ते आठ उघडीच असते. कुलूप नाही. तक्रार निकाली काढली." म्हटलं, साहेब, कुलपाचं नाही ओ, झाडांच्या आळ्यांचं लिहिलंय, फरशी बुंध्याला भिडलीय. तर म्हणे, "पत्रात तसं नाही." फोन ठेवला. बकुळीपासून पाच पावलांवर उभं राहून पाहणी केली असेल यांनी, आणि बघितलं काय, तर गेटची कडी!

हिंदीत का लिहिलं, हे आता सगळे विचारतात. मराठीत तीनदा लिहिलं म्हणून! एक पत्र छापलंच नाही, दुसऱ्याच्या चार ओळी केल्या, तिसऱ्यातून झाडांची नावं कापून "बागेची दुरवस्था" एवढंच ठेवलं. मग कुणी सांगितलं की नवे साहेब उत्तरेकडचे आहेत, हिंदी कात्रण त्यांच्या टेबलावर लवकर पोचतं. माझी नोकरीची बावीस वर्षं मध्य प्रदेशात रोपवाटिकेत गेली, हिंदी मला जड नाही. रीतीप्रमाणं "सेवा में, संपादक महोदय", मग विषय, "सार्वजनिक उद्यानों की उपेक्षा", मग एका पानात मुद्दा, शेवटी "भवदीय". उद्यानाचं सगळं रडगाणं गायलं तर कुणी वाचत नाही, म्हणून एकच मागणी ठेवली. तीच नेमकी पेपरवाल्यांनी मारली.

मागणी काय होती ते इथं तरी नीट लिहितो.

दोन वर्षांपूर्वी बागेत चालायला ट्रॅक केला. आधी जमीन सहा-आठ इंच खोदली. त्यातच बकुळ, करंज आणि ताम्हणाची वरची मुळं तुटली, कारण झाडाची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड फुटातच असतात. खोल जाऊन पाणी शोधणारं एक सोटमूळ असतं, ही शाळेतली समजूत घेऊन ठेकेदार काम करतो. मग मुरूम टाकला, त्यावर कच, यंत्रानं धोपटलं, वर ब्लॉक बसवले आणि बुंध्याशी उरलेल्या फटीत सिमेंट ओतलं. पाणी बंद झालंच, पण हवाही बंद झाली. मूळसुद्धा श्वास घेतं. दाबून घट्ट केलेल्या मातीत ते गुदमरतं, आणि हे एका दिवसात दिसत नाही. दोन-तीन वर्षं झाड साठ्यावर जगतं, म्हणून ब्लॉक घालणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

बकुळीकडं बघा. शेंड्याच्या बारीक फांद्या वरून खाली वाळत आल्यात. भर पावसाळ्यात पानांच्या कडा करपलेल्या. बुंध्याची साल सिमेंटवर ओठासारखी वळून फुगलीय, त्या वळीत बोट घातलं तर आत काळं, ओलं, कुजका वास. करंजाच्या बुडाशी तर या वर्षी टणक भूछत्रं आलीत, म्हणजे आतलं लाकूड सडायला लागलं. उद्या वळवात ते कुणाच्या अंगावर पडलं की म्हणणार, "झाड जुनं होतं." जुनं नव्हतं हो, तुम्ही मारलंत!

मी बादली घेऊन गेलो होतो. दहा लिटर पाणी बकुळीच्या बुडाशी हळूहळू ओतलं. एका मिनिटात जवळपास सगळं ब्लॉकवरून वाहून गटाराकडं गेलं. तेवढंच पाणी कोपऱ्यातल्या, ब्लॉक न पोचलेल्या बकुळीच्या आळ्यात ओतलं, ते तिथल्या तिथं जिरलं. ती बकुळ आजही हिरवीगार आहे, पहाटे खाली फुलांचा सडा असतो. एकाच बागेतली, एकाच वयाची दोन झाडं. यापेक्षा पुरावा काय द्यायचा? हे सगळं पत्रात होतं. छापलं नाही. जागा नव्हती म्हणे, आणि शेजारी अर्धं पान वाढदिवसाच्या शुभेच्छा!

नियमाचंही लिहिलं होतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिलाय, बुंध्याभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढा म्हणून. दिल्लीचं झाड आणि कोल्हापूरचं झाड वेगळं श्वास घेतं का? आणि आपल्या राज्याचा १९७५ चा झाडांचा कायदा आहे, त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंसुद्धा येतं. म्हणजे मी घरामागची फांदी छाटली तर अर्ज, पाहणी, परवानगी, आणि यांनी बुंध्याला सिमेंट पाजलं तर सुशोभीकरण!

सुशोभीकरण हा शब्द ऐकला की माझं डोकं तडकतं. खोडांना ऑइलपेंट. फांद्यांत खिळे ठोकून दिव्यांच्या माळा. डॉल्फिनच्या तोंडाची कचराकुंडी. वाळका पाला गोळा करून पहाटे त्याच बागेत पेटवायचा, आणि फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांनी तो धूर छातीत घ्यायचा. अरे, तो पाला आळ्यात चार इंच पसरला असता तर उन्हाळ्यात पाणी निम्मं लागलं असतं, आणि तोच कुजून खत झालं असतं.

काम तरी केवढं? एका झाडाला दोन माणसांचा अर्धा दिवस. ब्रेकर लावायचा नाही, राहिलेली मुळंही जातील. सब्बल आणि छिन्नीनं हातानं ब्लॉक उचलायचे, साल सोलू न देता सिमेंट काढायचं, काट्यानं माती उकरून सैल करायची, शेणखत घालायचं आणि वर पाला. बुंध्याला मातीचा ढीग लावायचा नाही, साल उघडीच पाहिजे. सगळी झाडं वाचतीलच असं नाही, करंजाचं मला अवघड वाटतं. पण बकुळ अजून वाचेल, खालच्या फांद्यांना नवी पालवी आहे.

काल रात्री दुसरं पत्र लिहिलं. या वेळी थाला नाही, आलवाल नाही, कुठलाच शब्द मोडायला ठेवला नाही: "तने के चारों ओर एक-एक मीटर पक्का फ़र्श हटाया जाए।" बरोबर बकुळीच्या बुंध्याला टेप लावून काढलेला फोटो जोडलाय. पेपरच्या ऑफिसात स्वतः जाऊन देणार आहे, आणि जो माणूस ते टाइप करेल त्याच्या शेजारी उभं राहून प्रूफ वाचल्याशिवाय हलणार नाही.