कोकणातील घराच्या रेंडरमधील कौलांविषयीच्या तक्रारीस आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (५ पैकी १ तारा): "गावच्या नवीन घराचे थ्रीडी रेंडर करून घेतले. कौलांवर शेवाळ आणि काळे डाग यांनी मनानेच लावले. एका कौलाचा रंग दुसऱ्याला जुळत नाही, नवे घर पडके वाटते. पहिल्या चित्रात तर कौले एवढी मोठी होती की घर खेळण्यातले दिसत होते. पंधरा दिवसांच्या कामाला चोवीस दिवस लावले. पैसे वाया गेले."

आदरणीय महोदय,

आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. उशीर आमच्याकडून झाला आणि पहिल्या चित्रातली चूकही सर्वस्वी आमचीच होती. मात्र आपल्या अभिप्रायातला "मनानेच" हा शब्द मला फार लागला. आम्ही तिघेजण मिळून हा स्टुडिओ चालवतो आणि नवीन येणारा प्रत्येक माणूस आधी हे पान वाचतो, म्हणून त्या शब्दाबद्दल सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

प्रथम आमच्या चुकीविषयी लिहितो. आपल्या नकाशाप्रमाणे आढ्यापासून वळचणीपर्यंत पाख्याची लांबी ५.६ मीटर आहे. मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब असते आणि वरच्या रांगेतले कौल खालच्या कौलावर सुमारे ९ सेंटिमीटर चढते, त्यामुळे प्रत्येक रांगेचा जेमतेम ३२ सेंटिमीटर भाग उघडा दिसतो. या हिशेबाने एका पाख्यावर अठरा रांगा बसायला हव्या होत्या. पहिल्या चित्राच्या वेळी आमच्या सहकाऱ्याने कौलांचे तयार छायाचित्र उतारावर पसरवले आणि त्यात बाराच रांगा बसल्या, म्हणजे एकेक रांग ४७ सेंटिमीटरची झाली, जी अख्ख्या कौलाच्या लांबीपेक्षाही मोठी आहे. कौल केवढे असते हे कोकणातल्या माणसाच्या डोळ्याला पक्के ठाऊक असते आणि तो नकळत त्याच मापाने घर मोजतो, म्हणून रांगा कमी झाल्या की घर आपोआप लहान भासते. आपल्या हे पहिल्याच नजरेत लक्षात आले, आणि आमच्या लक्षात यायला हवे होते ते आले नाही.

ती चूक दुरुस्त करताना केवळ छायाचित्र आक्रसून आम्हाला भागवता आले असते. तसे आम्ही केले नाही, कारण छायाचित्र पसरवलेल्या छपराला जाडी नसते; त्याची वळचणीची कड सुरीने कापल्यासारखी सरळ येते आणि रांगेखाली पडणारी सावली नुसती रंगवलेली असते, जी सूर्य कुठेही असला तरी हलत नाही. आम्ही एक कौल खाचांसह घडवले आणि रिपांच्या अंतराने अठरा रांगांत, प्रत्येक रांगेत बावन्न याप्रमाणे, एका पाख्यावर ९३६ कौले मांडली. खालून पाहताना वळचणीला कौलांची जी लाटेसारखी कड दिसते, ती दुसऱ्या चित्रात खरी आहे. जास्तीच्या नऊ दिवसांपैकी सहा दिवस याच कामात गेले आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही मागितले नाहीत.

आता शेवाळाविषयी. काम ठरले तेव्हा आपण दूरध्वनीवर सांगितले होते की जुन्या घराची उतरवलेली सुमारे आठशे कौले धड आहेत, ती मागच्या म्हणजे उत्तरेच्या पाख्यावर वापरायची आहेत, आणि "चित्रात ती जुनीच दिसू देत, वडिलांच्या हातची आहेत." त्यासोबत जुन्या छपराची छायाचित्रेही आपण पाठवली होती. पुढे रस्ता उत्तरेकडून येतो म्हणून चित्र त्याच बाजूने हवे, असेही आपणच ठरवले. त्यामुळे चित्रात समोर येणारे पाखे बहुतांशी जुन्या कौलांचे आहे आणि दक्षिणेकडचे नव्या कौलांचे पाखे आढ्याच्या पलीकडे झाकले गेले आहे. ही अडचण मी तेव्हाच आपल्याला समजावून सांगायला हवी होती, हे मला मान्य आहे.

डाग आम्ही वाटेल तिथे टाकलेले नाहीत. आपल्या गावाच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर असतो, आणि ३० अंश उताराच्या उत्तर पाख्यावर त्याचे ऊन केवळ १९ अंशांच्या कोनाने घसरत जाते. पावसात भिजलेले ते पाखे म्हणूनच उशिरा वाळते, आणि जिथे ओल रेंगाळते तिथे शेवाळ धरते: कौलांच्या सांध्यांत, खालच्या कडेला, आणि आपल्या फणसाच्या सावलीत वळचणीकडच्या चार-पाच रांगांवर. आढ्याजवळच्या रांगा आम्ही जवळपास स्वच्छ ठेवल्या आहेत, कारण तिथले पाणी लगेच निथळून जाते. चित्र मोठे करून पाहिल्यास हे आपल्या ध्यानात येईल. आपण पाठवलेल्या छायाचित्रांतही शेवाळ याच जागी आहे.

तरीही आपल्याला ते घाण का वाटले, याचा मी दोन रात्री विचार केला आणि एक दोष मला सापडला. शेवाळाचा रंग आम्ही पावसाळ्यातला हिरवागार ठेवला, आणि आकाश व ऊन मात्र हिवाळ्यातले निरभ्र ठेवले. कोकणात पावसानंतर ते शेवाळ वाळते, आक्रसते आणि त्याचा काळसर तपकिरी थर उरतो. कोरड्या उन्हात ओले हिरवे शेवाळ दिसले की डोळ्याला ते लावल्यासारखे वाटते. ही उणीव आमची आहे.

रंगांच्या फरकाबाबत मात्र मी ठाम आहे. मंगलोरी कौल यंत्राच्या दाबाने घडते, म्हणून आकार सगळ्यांचा एक असतो. पण भट्टीत सगळ्यांना सारखी आच आणि सारखी हवा मिळत नाही, त्यामुळे मातीतल्या लोहाचा रंग कुठे नारिंगी, कुठे गडद तांबडा येतो, तर काही कौलांवर काळपट झाक उतरते. चांगला गवंडी कौले चढवताना दोन-तीन ढिगांतून मिसळून घेतो, नाहीतर छपरावर ठिगळे दिसतात. आम्हीही तसेच केले: बहुतेक कौलांत फक्त उजळपणाचा थोडा फरक आणि मध्ये मध्ये एखादेच गडद कौल. सगळी एकाच रंगाची केली असती, तर छप्पर रंगवलेल्या पत्र्यासारखे दिसले असते, आणि तसे चित्र आमच्या नावाने द्यायला माझे मन धजावत नाही.

आपली इच्छा असल्यास शेवाळ वाळलेल्या रंगाचे व विरळ करून, तसेच दक्षिणेच्या बाजूने आणखी एक चित्र काढून, आम्ही या आठवड्यात किंवा शक्य तितक्या लवकर विनामूल्य पाठवू. मापे तपासण्याच्या आणि वेळापत्रकाच्या आमच्या पद्धतीतही योग्य त्या सुधारणा करत आहोत. नवीन चित्र पाहिल्यावर आपला अभिप्राय बदलावा असा माझा आग्रह नाही, परंतु "मनानेच" या शब्दाचा आपण पुन्हा एकदा विचार करावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
स्टुडिओचालक, रत्नागिरी